कबऱ्या कोंबडीची काळी लेक

उजनीच्या फुगवट्याकाठी, करमाळा तालुक्यातल्या वांगी, चिखलठाण, केत्तूर अशा गावांत ऊस आणि मासेमारीच्या जोडीला दारात दहा-वीस कोंबड्या असतातच. बहुतेक ठिकाणी हा धंदा घरातल्या बाईच्या हातातला. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेतून पक्षी घ्यायचे तर दोन पर्याय असतात. २५ माद्या आणि ३ नर असा मोठ्या तलंगांचा गट, नाहीतर एक दिवसाची १०० पिल्लं. तलंगांच्या गटात नर किती, माद्या किती हे आधीच ठरलेलं असतं, कारण त्या वयात तुऱ्यावरून आणि अंगलटीवरून फरक दिसू लागतो. शंभर पिल्लांच्या खोक्यात मात्र सगळे सारखेच कापसाचे गोळे. त्यातले साधारण निम्मे पुढे कोंबडे निघणार हे नक्की, पण कोणते निम्मे ते दीड-दोन महिने दाणा घातल्याशिवाय कळत नाही.

याला एक अपवाद आहे. कळपात कोंबडा लाल असेल, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड जातीचा, आणि कोंबडी कबरी असेल, म्हणजे अंगभर काळे-पांढरे आडवे पट्टे असलेली प्लायमाऊथ रॉक, तर त्यांची पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की त्याच दिवशी वेगळी करता येतात. ज्या काळ्या पिल्लाच्या डोक्यावर पांढुरका ठिपका आहे तो कोंबडा आणि ज्याचं डोकं पूर्ण काळं आहे ती कोंबडी. हीच जोडी उलटी लावली, कबरा कोंबडा आणि लाल कोंबडी, तर मात्र सगळ्याच पिल्लांच्या डोक्यावर ठिपका येतो आणि खूण निकामी होते.

रंग तेच, जाती त्याच. मग आई आणि बाप यांची अदलाबदल केल्यावर निकाल का बदलतो? या प्रश्नाचं उत्तर पक्ष्यांत नर आणि मादी कशी ठरते यात आहे. ती रीत आपल्यापेक्षा, म्हणजे सस्तन प्राण्यांपेक्षा, अगदी उलटी आहे.

माणसात निवड बापाच्या पेशीत

शरीराच्या प्रत्येक पेशीत आनुवंशिक माहिती गुणसूत्रांवर मांडलेली असते. गुणसूत्रं जोडीने असतात, जोडीतलं एक आईकडून आलेलं आणि एक बापाकडून. माणसात अशा २३ जोड्या आहेत. त्यातल्या २२ जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्याच असतात, तेविसावी वेगळी. स्त्रीकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक लहानसं वाय.

अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र तिच्यात जातं. स्त्रीकडे दोन्ही एक्सच असल्यामुळे तिच्या प्रत्येक अंडपेशीत एक्सच येतो. पुरुषाच्या निम्म्या शुक्रपेशींत एक्स जातो आणि निम्म्यांत वाय. अंडपेशीला एक्सवाली शुक्रपेशी मिळाली तर मुलगी होते, वायवाली मिळाली तर मुलगा. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरात निदान एवढं तरी माहीत असायला हवं.

वायवर असं काय आहे की ज्यामुळे मुलगा होतो? १९९० साली लंडनमधल्या संशोधकांनी त्यावरचं एक जनुक शोधून काढलं आणि त्याला एसआरवाय असं नाव मिळालं. जनुक म्हणजे गुणसूत्रावरचा एका विशिष्ट कामाचा मजकूर. पुढच्याच वर्षी त्यांनी उंदराच्या गर्भात फक्त हे जनुक घातलं. गर्भ दोन एक्सचा, म्हणजे मादीचा होता, तरी जन्माला नर आला. याचा अर्थ, सस्तन प्राण्यांत सगळा भार एका जनुकाच्या असण्या-नसण्यावर आहे. एसआरवाय असेल तर वृषण तयार होतात आणि नसेल तर अंडाशय.

कोंबडीत निवड आईच्या अंड्यात

पक्ष्यांत एक्स आणि वाय नसतातच. त्यांच्या जोडीला झेड आणि डब्ल्यू अशी नावं दिलेली आहेत. कोंबड्याकडे दोन झेड असतात. कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. इथे वेगळी जोडी मादीची आहे.

त्यामुळे कोंबड्याच्या सगळ्या शुक्रपेशी एकाच तऱ्हेच्या, प्रत्येकीत एक झेड. अंडी मात्र दोन तऱ्हेची. अंडाशयातून बलक सुटण्याच्या काही तास आधी झेड आणि डब्ल्यू वेगळे होतात. एक अंडपेशीत राहतो आणि दुसरा बाजूला टाकला जातो. झेड राहिला तर पिल्लू कोंबडा होणार, डब्ल्यू राहिला तर कोंबडी. कोंबड्याच्या शुक्रपेशीशी गाठ पडण्याआधीच, टरफल तयार होण्याच्या कितीतरी आधी, हा निकाल लागलेला असतो.

म्हणूनच टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते या समजाला आधार नाही. अंड्याचा आकार नंतर ठरतो आणि तो त्या कोंबडीच्या अंडनलिकेवर अवलंबून असतो, आतल्या गुणसूत्रांवर नाही. खुडूक कोंबडीखाली ऊब कमी-जास्त झाल्यानेही कोंबड्याची कोंबडी होत नाही. मगर आणि अनेक कासवांत वाळूच्या उष्णतेवर नर-मादी ठरते, कोंबडीत नाही.

झेड आणि डब्ल्यू ही एक्स आणि वायचीच दुसरी नावं आहेत, असंही कोणी समजू नये. कोंबडीच्या झेडवरची अनेक जनुकं माणसात नवव्या गुणसूत्रावर सापडतात, एक्सवर नाहीत. सस्तन प्राणी आणि पक्षी यांनी नर-मादी ठरवण्यासाठी वेगवेगळ्या गुणसूत्रांची निवड केली आणि तीही आपापल्या वाटेने.

असणं-नसणं नव्हे, एक की दोन

माणसात वायवरचं एसआरवाय नर घडवतं, तसं कोंबडीत डब्ल्यूवर मादी घडवणारं एखादं जनुक असेल, असा अंदाज बरीच वर्षं होता. तसं ठोस काही हाती लागलं नाही. खरा धागा झेडवर निघाला. तिथे डीएमआरटी१ नावाचं जनुक आहे. कोंबड्याकडे झेड दोन, म्हणून या जनुकाच्या प्रती दोन. कोंबडीकडे प्रत एकच.

अंड्यात पिल्लू २१ दिवस वाढतं. पहिले पाचेक दिवस नर आणि मादी गर्भांच्या जननग्रंथी सारख्याच दिसतात. त्यानंतर दोन प्रती असलेल्या गर्भात डीएमआरटी१चं काम जोरात चालतं आणि ग्रंथींचे वृषण होतात. एकच प्रत असेल तर तो जोर पुरेसा पडत नाही, स्त्रीसंप्रेरक तयार होऊ लागतं आणि अंडाशय घडतो. २००९ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नर गर्भातल्या या जनुकाचं काम मुद्दाम मंदावलं, तेव्हा त्याच्या ग्रंथी अंडाशयाकडे झुकल्या. एसआरवायच्या शोधात सहभागी असलेले अँड्र्यू सिंक्लेअर या संशोधनातही होते.

तर मुद्दा असा, की सस्तन प्राण्यांत एक जनुक आहे की नाही हे पाहिलं जातं आणि पक्ष्यांत एका जनुकाची प्रत एक आहे की दोन हे.

यातून एका जुन्या भीतीचाही उलगडा होतो. एखादी म्हातारी कोंबडी अचानक आरवू लागते, तुरा वाढतो, पिसं कोंबड्यासारखी येतात आणि घरात अपशकुनाची चर्चा सुरू होते. कोंबडीचा फक्त डावा अंडाशय काम करत असतो. तो रोगाने किंवा गाठीने निकामी झाला की स्त्रीसंप्रेरक थांबतं. कोंबडीची साधी पिसं त्याच संप्रेरकामुळे टिकून असतात, ते थांबलं की पुढच्या पिसझडीनंतर कोंबड्यासारखी पिसं येतात. उजवीकडची अर्धवट राहिलेली ग्रंथी कधीकधी वृषणासारखी वाढते आणि कोंबडी आरवू लागते. पण तिच्या पेशींत झेड आणि डब्ल्यूच असतात. गुणसूत्रांच्या हिशेबाने ती शेवटपर्यंत कोंबडीच.

झेडवरचा गुण कोणाकडे जातो

झेड हे भलंमोठं गुणसूत्र आहे. त्यावर नर-मादीशी काहीही संबंध नसलेली शेकडो जनुकं बसलेली आहेत, पिसांच्या रंगाची, पिसं फुटण्याच्या वेगाची, अंगाच्या वाढीची. डब्ल्यू लहान आहे आणि यातली बहुतेक जनुकं त्याच्यावर नाहीत. म्हणून कोंबडीकडे या गुणांची एकेकच प्रत असते आणि ती जशी असेल तशी अंगावर दिसते. बैलजोडीत एक बैल कमजोर असला तरी दुसरा ओढून नेतो आणि शेत नांगरून होतं, पण एकाच बैलावर काम असेल तर त्याची कमजोरी पहिल्या तासातच उघडी पडते. कोंबड्याची जोडी आहे, कोंबडीचा बैल एकटा आहे.

माणसात हा एकटा बैल पुरुषाकडे असतो, त्याचा एकुलता एक एक्स. म्हणून तांबडा-हिरवा रंग न ओळखता येणं किंवा हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार, पुरुषांत जास्त दिसतो. मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो. त्यामुळे दोष आईकडून मुलाकडे येतो आणि बापाचा एक्स मुलाकडे कधीच जात नाही. रंगांध आजोबांचा गुण लेकीत लपून राहतो आणि नातवात उमटू शकतो.

पक्ष्यांत हे सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं. मादी पिल्लाला आईकडून डब्ल्यू मिळतो, म्हणून तिचा एकमेव झेड बापाकडूनच येतो. आईच्या झेडवरचा गुण लेकीला कधीच मिळत नाही, तो सगळा लेकांकडे जातो. लेकाकडून पुढे तो नातीकडे येऊ शकतो. आईकडून लेकाकडे, लेकाकडून नातीकडे, अशा या तिरप्या वाटेला लिंगसहलग्न वारसा म्हणतात.

लाल कोंबडा, कबरी कोंबडी

आता सुरुवातीच्या जोडीकडे येऊ. कबऱ्या पट्ट्यांचं जनुक झेडवर आहे. पीस वाढताना रंग भरणाऱ्या पेशी ते ठरावीक अंतराने थांबवतं, म्हणून काळ्या पिसावर आडवा पांढरा पट्टा उमटतो. हे जनुक प्रभावी आहे, म्हणजे एक प्रत असली तरी पट्टे दिसतात. पिल्लाच्या अंगावर पट्टे नसतात, पण त्याच जनुकामुळे डोक्यावर पांढुरका ठिपका येतो.

कबऱ्या कोंबडीचा एकच झेड आहे, पट्ट्यांचा. लाल कोंबड्याचे दोन्ही झेड बिनपट्ट्यांचे. यांची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली आणि समजा दहा पिल्लं निघाली. प्रत्येक पिल्लाला बापाकडून बिनपट्ट्यांचा झेड मिळणारच. उरतं आईकडून काय येतं एवढंच.

आईकडून झेड आला, तर पिल्लू कोंबडा आणि तो झेड पट्ट्यांचा. डोक्यावर ठिपका, मोठेपणी अंगावर पट्टे. आईकडून डब्ल्यू आला, तर पिल्लू कोंबडी आणि पट्ट्यांचं जनुक तिच्याकडे नाहीच. डोकं काळं, मोठेपणी अंग काळं, मानेवर आणि छातीवर थोडी लाल झाक. काळा रंग दोघांतही येतो, कारण काळेपणाचं जनुक दुसऱ्या, नेहमीच्या गुणसूत्रावर आहे. तेही कबऱ्या आईकडूनच येतं, पण लेक-लेकींना सारखंच मिळतं.

दहात नेमके पाच कोंबडे आणि पाच कोंबड्या निघतील असं नाही. तीन-सात किंवा सहा-चारही होऊ शकतं. पण जो ठिपकेवाला निघेल तो कोंबडाच असेल.

आता उलटी जोडी घेऊ, कबरा कोंबडा आणि लाल कोंबडी. कोंबड्याचे दोन्ही झेड पट्ट्यांचे, त्यामुळे प्रत्येक पिल्लाला पट्ट्यांचा झेड मिळतो. लेक कबरे, लेकीही कबऱ्या. म्हणून हॅचरीवाल्यांचा नियम असा, की ओळखायची प्रभावी खूण आईकडे हवी आणि बापाकडे ती अजिबात नको.

आई-बाप अदलून पाहणं ही एखादा गुण झेडवर आहे की नाही हे ओळखण्याचीही रीत आहे. मान बिनपिसांची असलेल्या कोंबड्या अनेक गावांत दिसतात. तो गुण आईकडून आला काय आणि बापाकडून आला काय, लेक-लेकींत सारखाच उतरतो, कारण त्याचं जनुक नेहमीच्या गुणसूत्रावर आहे. जिथे अदलाबदल केल्यावर निकाल बदलतो, तिथे गुण झेडवर आहे असं समजावं. १९०६ साली इंग्लंडमध्ये लिओनार्ड डाँकास्टर आणि रेनर यांना एका पतंगात नेमका हाच विचित्र निकाल मिळाला होता. कीटकांपैकी पतंग आणि फुलपाखरांतही वेगळी जोडी मादीचीच असते.

कुठे फसतं

पहिला फटका पुढच्या पिढीत बसतो. वरच्या जोडीचे कबरे कोंबडे आणि काळ्या तलंगा ठेवून त्यांचीच अंडी उबवली, तर खूण संपते. कबऱ्या कोंबड्याकडे आता एक झेड पट्ट्यांचा आणि एक बिनपट्ट्यांचा. त्यामुळे त्याच्या साधारण निम्म्या लेकांना पट्ट्यांचं जनुक मिळतं, निम्म्यांना नाही आणि लेकींचंही तसंच. दरवेळी मूळ लाल कोंबडा आणि मूळ कबरी कोंबडीच हवी.

दुसरा धोका आईच्या रंगाचा. गावात कबरी म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक कोंबडी हे जनुक बाळगून नसते. काहींच्या पिसांच्या टोकाला फक्त पांढरे ठिपके असतात, त्या चालणार नाहीत. एक पीस हातात घेऊन पाहावं. बुडापासून टोकापर्यंत काळे-पांढरे आडवे पट्टे आलटून पालटून असतील तर ती खरी. पांढरी कोंबडीही निरुपयोगी, कारण पांढरा रंग खालचा पट्टा झाकून टाकतो. काही पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये पट्ट्यांचं जनुक असतं, पण दिसत नाही.

तिसरी गल्लत दोन्ही आई-बाप कबरे असताना होते. तिथे सगळ्याच पिल्लांना ठिपका असतो. फक्त कोंबड्याकडे पट्ट्यांच्या दोन प्रती असल्याने त्याचा ठिपका मोठा आणि पसरट दिसतो, कोंबडीचा लहान आणि आटोपशीर. सरावलेल्या नजरेला हे कळतं, पण चुका होतात. मोठेपणी मात्र फरक स्पष्ट होतो, कबरा कोंबडा कबऱ्या कोंबडीपेक्षा फिकट दिसतो. सस्तन माद्यांच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद ठेवला जातो. पक्ष्यांत तसा अख्खा झेड बंद होत नाही, म्हणून दोन प्रतींचा परिणाम अंगावर उतरतो.

हॅचरीत आणि पाण्यावर

मोठ्या हॅचऱ्या हाच हिशेब इतर जनुकांवर चालवतात. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरांत बाप सोनेरी आणि आई रुपेरी ठेवली जाते. लेकी तांबूस निघतात, लेक फिकट. काही जातींत पंखांची पिसं उशिरा फुटण्याचं प्रभावी जनुक आईकडे ठेवतात, मग पहिल्या दिवशी ज्यांची पंखपिसं लांब त्या तलंगा. मांसल कोंबड्यांच्या पैदाशीत झेडवरचं बुटकेपणाचं अप्रभावी जनुक कामी येतं. बुटकी आई दाणा कमी खाते. बाप सामान्य असल्याने लेकींना त्याचाच झेड मिळतो, त्या नीट वाढतात. लेकांकडे दोनपैकी एक झेड चांगला असल्याने तेही जवळपास पूर्ण वाढतात.

आणि उजनीच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात येणारे रोहित? त्यांच्यात नर थोडा उंच असतो, पण लहान नर आणि मोठी मादी सारखेच दिसतात. दुर्बिणीतून खात्री देता येत नाही. इथे पक्ष्याचं पीस किंवा रक्ताचा थेंब प्रयोगशाळेत तपासतात. सीएचडी१ नावाचं जनुक झेड आणि डब्ल्यू दोन्हींवर आहे, पण त्याच्या एका तुकड्याची लांबी दोन्हीकडे वेगळी. तपासणीत एकच रेष उमटली तर नर, दोन उमटल्या तर मादी. १९९८ पासून बहुतेक पक्ष्यांसाठी हीच पद्धत वापरली जाते. शहामृग आणि इमू यांना ती लागू पडत नाही, कारण त्यांचे झेड आणि डब्ल्यू अजून जवळजवळ सारखेच आहेत.

> थोडक्यात
>
> - सस्तन प्राणी: मादी दोन एक्स, नर एक्स-वाय. अपत्याचं लिंग बापाच्या शुक्रपेशीवर.
> - पक्षी: नर दोन झेड, मादी झेड-डब्ल्यू. पिल्लाचं लिंग आईच्या अंडपेशीवर.
> - माणसात मुलाचा एक्स फक्त आईचा. पक्ष्यांत लेकीचा झेड फक्त बापाचा.
> - झेडवरचे लपलेले दोष पक्ष्यांत माद्यांत जास्त उघडे पडतात, माणसात एक्सवरचे दोष पुरुषांत.
> - लाल कोंबडा आणि कबरी कोंबडी: ठिपकेवाली पिल्लं कोंबडे, बिनठिपक्याची कोंबड्या. उलट्या जोडीत सगळीच ठिपकेवाली.

ही जोडी दारात लावून पाहायची असेल, तर एक पथ्य पाळा. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. म्हणून कबऱ्या माद्यांपासून बाकीचे सगळे कोंबडे तीन आठवडे वेगळे ठेवा, मग लाल कोंबडा सोडा आणि त्यानंतर आठवडाभराने मिळालेली अंडीच उबवायला ठेवा. पिल्लं निघाली की पिसं बदलण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी डोकं बघा.